रूट लोकस हाताने काढताना: गेन वाढवला की पोल नेमके कुठे सरकतात

गेल्या सत्रात एका संध्याकाळी भाचा आमच्या दांडिया बाजारच्या घरी आला, तो वैतागूनच. "मामा, लॅबमधलं किट बिघडलंय. माझ्या लोकसप्रमाणे गेन 96 पर्यंत चालायला हवा. इथं आठच्या जरा पुढं गेलं की मोटर हेलकावेच खात बसते, थांबतच नाही." मी त्याची जर्नल बघितली. लोकस बरोबर होता. किटही ठणठणीत होतं. चूक झाली होती ती पहिली रेघ ओढायच्या आधी.

बडोद्यात कंट्रोल सिस्टिमच्या शिकवण्या घेताना मला दर वर्षी त्याच चार-पाच चुका दिसतात, आणि त्या बहुतेक नियम न येण्याच्या नसतात. नियम पाठ असतात, पण ते चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या समीकरणावर लावलेले असतात. म्हणून इथे भाच्याच्याच किटचं एक उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो. सगळे पोल रिअल अक्षावर असलेलं सोपं उदाहरण आहे. डिपार्चर अँगलची भानगड यात नाही, ती मुद्दाम बाजूला ठेवली आहे.

## 1. आधी समीकरण लोकसच्या रूपात आणा

किटच्या पुस्तिकेत पोझिशन सर्व्होचं ओपन लूप ट्रान्सफर फंक्शन असं होतं:

```
            K1
-----------------------------
s (1 + 0.5 s) (1 + s/6)
```

मोटरचा टाइम कॉन्स्टंट अर्धा सेकंद, पुढच्या फिल्टरचा एक षष्ठांश सेकंद. फीडबॅक युनिटी आणि निगेटिव्ह. पोल 0, −2 आणि −6 वर आहेत हे कुणालाही दिसतं. मुलं तेवढे तीन फुलीचे ठिपके कागदावर मांडतात आणि पुढे `s(s+2)(s+6)` घेऊन गणित करतात. इथेच घात होतो.

लोकसचे सगळे नियम प्रत्येक कंसात s चा सहगुणक 1 आहे असं धरून लिहिलेले असतात. `(1 + 0.5s)` म्हणजे `0.5(s+2)`, आणि `(1 + s/6)` म्हणजे `(s+6)/6`. हे आकडे बाहेर काढले की वरच्या बाजूला 12 येतो:

```
G(s) = K / ( s (s+2) (s+6) ),   K = 12 K1
```

लोकसवरून मिळतो तो K. किटच्या नॉबवर फिरतो तो K1. भाच्याचे 96 म्हणजे नॉबवरचे 96 ÷ 12 = 8. किट त्याला हेच सांगत होतं.

थांबा आणि तपासा: जर्नलच्या कोपऱ्यात "K = 12 K1" असं मोठ्या अक्षरात लिहून चौकट करा. शेवटी K चं उत्तर आलं की या चौकटीतून गेल्याशिवाय ते कुणाला सांगायचं नाही.

यानंतर क्लोज्ड लूपचं समीकरण `1 + G(s) = 0` उघडून लिहा. ते पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे:

```
s^3 + 8 s^2 + 12 s + K = 0
```

## 2. कागद आणि स्केल

दोन्ही अक्षांवर एकच स्केल घ्या. कागद आडवा लांब आहे म्हणून आडवं स्केल ताणू नका. लोकस हा कोनांचा खेळ आहे, आणि स्केल वेगवेगळं असलं तर 60 अंशाची रेघ 60 अंशाची राहत नाही. मग कोनमापक लावून केलेली प्रत्येक तपासणी खोटी ठरते. आपल्या उदाहरणाला 1 एकक = 2 सेंटीमीटर पुरतं. डावीकडे −8 पर्यंत आणि वर-खाली 5 पर्यंत जागा ठेवा. रावपुऱ्यातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा साधा मिलिमीटर कागद लांबीने बरोबर पुरतो, फक्त ओरिजिन उजव्या बाजूला घ्यायचा. मध्यभागी घेतला तर अर्धा कागद उजव्या बाजूला वाया जातो आणि −8 बाहेर पडतो.

## 3. रिअल अक्षावरचे तुकडे

अक्षावर कुठलाही बिंदू घ्या आणि त्याच्या उजवीकडे किती पोल आणि झिरो आहेत ते मोजा. संख्या विषम असेल तर तो बिंदू लोकसवर आहे.

0 आणि −2 यांच्या मध्ये उभं राहिलं तर उजवीकडे एक पोल आहे, म्हणजे हा तुकडा लोकसवर. −2 आणि −6 यांच्या मध्ये दोन, म्हणजे नाही. −6 च्या डावीकडे तीन, म्हणजे थेट अनंतापर्यंत आहे. हे तुकडे आत्ताच जाड पेन्सिलीने गिरवून टाका, कारण पाचव्या पायरीत आलेल्या दोन उत्तरांपैकी खोटं कुठलं ते हेच तुकडे सांगणार आहेत.

सावधान: मोजणी उजवीकडची. घाईत डावीकडची मोजली तर आपल्या उदाहरणात सगळं उलटं पडतं, 0 च्या उजवीकडचा अक्षही लोकसवर येतो, आणि कुठल्याही गेनला सिस्टिम अस्थिर दिसते. तसं दिसलं तर सिस्टिमला नावं ठेवण्याआधी मोजणी बघा.

## 4. अॅसिम्प्टोट

पोल तीन, झिरो एकही नाही. म्हणजे तीन शाखा अनंताकडे जाणार, आणि त्यांचे कोन 60°, 180° आणि 300°. या रेघा जिथून निघतात तो सेंट्रॉइड:

```
(0 − 2 − 6) / 3 = −2.67
```

इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबतो. मुलं −2.67 ला ठिपका देतात, तिथून 60° ची रेघ मारतात आणि तीच लोकसची शाखा समजून गिरवतात. −2.67 हा बिंदू लोकसवर नाहीच, तो −2 आणि −6 यांच्या मधल्या रिकाम्या तुकड्यात आहे. अॅसिम्प्टोट म्हणजे शाखा फार लांब गेल्यावर कुठल्या दिशेला झुकते त्याची खूण. जवळच्या भागाबद्दल ती काहीच सांगत नाही. ही रेघ उभ्या अक्षाला 4.62 वर छेदते, आणि खरी शाखा 3.46 वर छेदते, हे पुढे येईलच. एवढा फरक म्हणजे गेनच्या हिशेबात मोठी गफलत. म्हणून अॅसिम्प्टोट नेहमी फिकट तुटक रेघेने काढा.

## 5. ब्रेकअवे पॉइंट

गेन शून्यापासून वाढू लागला की 0 चा पोल डावीकडे आणि −2 चा पोल उजवीकडे सरकतो. दोघं एकमेकांकडे येतात, भेटतात आणि अक्ष सोडतात. ही भेट कुठे होते ते काढायला K वेगळा काढून त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य करा:

```
K = −(s^3 + 8 s^2 + 12 s)
3 s^2 + 16 s + 12 = 0
s = −0.90  किंवा  −4.43
```

दोन उत्तरं आली म्हणून दोन ब्रेकअवे नाहीत. −4.43 हा बिंदू तिसऱ्या पायरीत न गिरवलेल्या तुकड्यात पडतो, म्हणजे तो बाद. शंका असेल तर K मध्ये घालून बघा. तिथे K सुमारे −16.9 येतो, आणि आपण निगेटिव्ह K घेतलेलाच नाही. −0.90 ला K = 5.05 येतो, तो चालतो.

बऱ्याच जणांना वाटतं की भेट 0 आणि −2 यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे −1 वर होणार. −6 चा पोल नसता तर तसंच झालं असतं. तो लांबूनही ढकलतो, म्हणून भेट उजवीकडे सरकून −0.90 वर होते.

## 6. उभ्या अक्षावरचा छेद

राउथ टेबल मांडा. पहिली ओळ 1 आणि 12, दुसरी 8 आणि K. तिसऱ्या ओळीचा पहिला आकडा `(96 − K)/8`. तो शून्य होतो K = 96 ला. मग दुसऱ्या ओळीवरून `8s² + 96 = 0`, म्हणजे s = ±j3.46.

तपासा: घाईत कुणी 12 च्या जागी 8 घेतं, कुणी K च्या चिन्हात गोंधळ घालतं. मूळ समीकरणात s = j3.46 घालून रिअल आणि इमॅजिनरी भाग वेगवेगळे शून्य होतात का बघा. रिअल भाग: −8 × 12 + 96 = 0. इमॅजिनरी भाग: 3.46 × (12 − 12) = 0. दोन मिनिटांचं काम आहे, आणि परीक्षेत ते दोन मिनिटं सार्थकी लागतात.

## 7. आता शाखा काढा, अंदाजाने नाही

ब्रेकअवेपासून उभ्या अक्षापर्यंत शाखा "सुंदर वळण" देऊन काढायची सवय सोडा. या उदाहरणात बिंदू थेट मिळतात. पोलची जोडी −a ± jω धरली तर मूळ समीकरणाशी तुलना करून एवढं उरतं:

```
ω² = 12 − 16 a + 3 a²
```

a = 0.9 ला ω जवळजवळ शून्य. 0.75 ला 1.30, 0.5 ला 2.18, 0.25 ला 2.86, आणि 0 ला 3.46. पाच ठिपके द्या आणि जोडा. सुरुवातीला शाखा अक्षावरून सरळ उभी, 90 अंशात निघते, मग हळूहळू उजवीकडे कलत जाते. आडव्या अक्षावरून 45 अंशात निघालेली शाखा दिसली की समजावं, ठिपके न देता काढली आहे.

प्रत्येक उदाहरणात असं सरळ सूत्र मिळत नाही. म्हणून कोनाची तपासणी अंगवळणी पडू द्या. शाखेवरचा −0.75 + j1.30 हा बिंदू घ्या आणि तिन्ही पोलपासून त्याच्याकडे रेघा ओढा. 0 पासूनची रेघ 120° ची, −2 पासूनची 46.1° ची, −6 पासूनची 13.9° ची. बेरीज 180°. कोनमापकाने दोन-तीन अंश इकडेतिकडे होणारच, पण 165 किंवा 195 आले तर बिंदू लोकसवर नाही.

त्याच बिंदूवरचा गेन हवा असेल तर त्याच तीन रेघांच्या लांब्या मोजून गुणा: 1.5 × 1.80 × 5.41 = 14.6. लांब्या अक्षाच्या एककात मोजायच्या, सेंटीमीटरमध्ये नाहीत. 2 सेंटीमीटरचं स्केल घेऊन थेट पट्टीचे आकडे गुणले तर गेन आठपट येतो. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती फळ्यासमोर उभं राहून केली आहे.

## 8. गेन वाढवत लोकस वाचा

लोकस काढून झाला की मुलं जर्नल मिटतात. खरं काम आता सुरू होतं.

या सिस्टिमची एक गोष्ट आधी मनात पक्की करा. समीकरणात `s²` चा सहगुणक 8 आहे आणि त्यात K कुठेच नाही. म्हणजे तिन्ही पोलची बेरीज कुठल्याही गेनला −8 च राहणार. एखादा पोल डावीकडे गेला की बाकीच्यांना तेवढंच उजवीकडे यावं लागतं. पोलची संख्या झिरोपेक्षा किमान दोनने जास्त असेल तिथे हे नेहमी खरं असतं.

K सुमारे 3.1 असताना सर्वांत संथ पोल −0.33 वर असतो. प्रतिसाद रेंगाळतो, स्थिरावायला बारा सेकंदांच्या आसपास घेतो. K 5.05 ला दोन पोल −0.90 वर एकत्र येतात. इथवर गेन वाढवणं फायद्याचंच आहे.

इथून पुढे चित्र बदलतं. K = 14.6 ला जोडी −0.75 ± j1.30 वर असते. डॅम्पिंग 0.5, ओव्हरशूट सुमारे 16 टक्के, स्थिरावायला साधारण 5.3 सेकंद. तिसरा पोल −6.5 वर. K = 35 केला की तिसरा पोल बरोबर −7 वर जातो, म्हणून जोडीची बेरीज −1 उरते, म्हणजे प्रत्येकी −0.5. डॅम्पिंग 0.22 वर येतं, ओव्हरशूट 49 टक्क्यांच्या घरात, आणि स्थिरावायला आठ सेकंद. K 62 ला जोडी −0.25 वर, सोळा सेकंद. 96 ला ती अक्षावर पोचते, आणि तिसरा पोल −8 वर.

"गेन वाढवला की सिस्टिम वेगवान होते" हे वाक्य अर्धंच खरं आहे. गेन वाढवला की मोटर लक्ष्याकडे पहिल्यांदा लवकर पोचते, कारण ω वाढतो. पण ती तिथे टिकत नाही, पुढे जाते, मागे येते, आणि शांत व्हायला जास्त वेळ घेते, कारण a कमी होतो. स्थिरावण्याचा वेळ या सिस्टिममध्ये K 5 ते 15 च्या पट्ट्यात चांगला आहे. त्यापुढचा सगळा वेग हेलकाव्यांत जातो.

मग कुणी 15 च्या पुढे जाईलच का? रॅम्प एररसाठी. वेलॉसिटी कॉन्स्टंट K ÷ 12 असतो, म्हणजे K = 14.6 ला तो जेमतेम 1.22. सतत फिरणाऱ्या इनपुटमागे मोटर बरीच मागे राहते. 8.75 हवा असेल तर K = 105 लागेल, आणि 96 ला तर आपण काठावर पोचलेलो असतो. नुसता गेन वाढवून हा प्रश्न सुटतच नाही.

तपासा: संगणकावर ऑक्टेव्ह असेल तर तीन ओळींत खात्री होते.

```
pkg load control
rlocus(tf(1, [1 8 12 0]))
roots([1 8 12 35])
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर −7 आणि −0.5 ± 2.18i यायला हवं. वेगळं आलं तर तुमचा गुणाकार चुकला आहे. ऑक्टेव्हकडे बोट दाखवू नका.

## 9. झिरो घातला तर

आता −3 वर एक झिरो घाला, म्हणजे वर `K(s+3)`. बेरजेचा नियम तसाच राहतो, तीन पोल आणि एक झिरो, फरक दोनचा, बेरीज −8. पण −6 चा पोल आता अनंताकडे पळत नाही, तो उजवीकडे −3 च्या झिरोकडे येतो. त्याने उजवीकडे यायचं ठरवलं की जोडीला डावीकडे जावंच लागतं. सेंट्रॉइड (−8 + 3)/2 = −2.5, आणि अॅसिम्प्टोट उभे, 90 अंशाचे.

K = 35 घेतला तर वेलॉसिटी कॉन्स्टंट 35 × 3 ÷ 12 = 8.75, म्हणजे आपल्याला हवा होता तोच. जोडी −2.33 च्या जवळ, डॅम्पिंग 0.42 च्या आसपास. मघाशी 8.75 ला सिस्टिम अस्थिर होत होती, आता ती व्यवस्थित चालते. राउथ लावून बघा, `8(12 + K)` हा `3K` पेक्षा कायम मोठाच, त्यामुळे कागदावर ही सिस्टिम कुठल्याच गेनला बिघडत नाही.

सावधान: "कागदावर" या शब्दाकडे लक्ष द्या. नुसता झिरो प्रत्यक्षात बनत नाही, त्याच्यामागे एक लांबचा पोल येतोच. तो धरला की पोल चार, झिरो एक, म्हणजे अॅसिम्प्टोट पुन्हा 60 अंशाचे, आणि गेनला पुन्हा मर्यादा. शिवाय झिरो सेन्सरमधला आवाज वाढवतो, तो लोकसवर दिसत नाही.

## 10. किटवर पडताळा

भाच्याला मी दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन लॅबमध्ये पाठवलं. नॉब आठच्या जरा पुढे ठेव, हेलकावे सुरू झाले की दहा मोज, म्हटलं. लोकसप्रमाणे 3.46 रेडियन प्रति सेकंद म्हणजे एका हेलकाव्याला 1.81 सेकंद, दहांना अठरा.

त्याला एक शंका होतीच. "मामा, आठच्या पुढे गेलं तर हेलकावे वाढत वाढत जायला हवेत ना? इथं ते एका उंचीवर थांबतात." बरोबर विचारलं त्यानं. अॅम्प्लिफायर एका मर्यादेबाहेर व्होल्टेज देऊच शकत नाही. हेलकावे मोठे झाले की अॅम्प्लिफायर सॅच्युरेट होतो, त्याचा परिणामी गेन आपोआप खाली येतो, आणि मोटर काठावरच घुटमळत राहते. उंची त्या मर्यादेवर अवलंबून असते, पण वेळ लोकसच्या छेदावरूनच ठरते. म्हणूनच ही मोजणी उपयोगी पडते, नॉब नेमका आठवर नसला तरी.

संध्याकाळी त्याचा फोन आला. दहा हेलकाव्यांना एकोणीस सेकंद लागले होते. एक सेकंद कुठून आला म्हणून त्यानं तीनदा मोजलं होतं. मी विचारलं, पुस्तिकेतला अर्धा सेकंद टाइम कॉन्स्टंट शाफ्टवरची चकती धरून आहे का काढून? फोनवर थोडा वेळ शांतता होती. चकती किटवर होती, पुस्तिकेतला आकडा चकतीशिवायचा होता.